राज्याची सीमा आखताना उदगीरला तालुका चालला, मग बेळगावला का नाही?

संपादक महोदय,

१ मे आला की सगळे १९६० बद्दल लिहितात, पण आमच्या उदगीरसाठी खरी तारीख १ नोव्हेंबर १९५६ आहे आणि ती कुणाच्या लक्षातच नसते. त्या दिवशी हैदराबाद राज्य संपलं, त्याचे तीन भाग झाले. तेलुगू भाग आंध्रला, कन्नड भाग म्हैसूरला आणि मराठवाडा मुंबई राज्यात. म्हणजे मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई एका राज्यात आले ते तेव्हाच, फक्त गुजरात सोबत होता म्हणून ते राज्य द्विभाषिक होतं, गुजरात वेगळा व्हायला अजून साडेतीन वर्षं लागली.

दिल्लीला भाषेप्रमाणे राज्यं करायचीच नव्हती हो. पण पोट्टी श्रीरामुलूंनी वेगळ्या आंध्रसाठी उपोषण केलं, त्यात डिसेंबर १९५२ मध्ये ते गेले, आंध्र पेटलं आणि चार दिवसांत नेहरूंना राज्य जाहीर करावं लागलं. मग बाकीचे कसे गप्प बसतील? म्हणून १९५३ च्या शेवटी राज्यांची फेरआखणी सुचवायला फाजल अली आयोग आला.

आता माझा मुद्दा. रेषा मारायची तर जिल्हा धरायचा, तालुका की गाव? आयोगाचा कल जिल्हा शक्यतो न मोडण्याकडे होता. पण प्रत्यक्ष कायदा झाला तेव्हा बीदर जिल्हा मोडलाच की, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे आले आणि खुद्द बीदर म्हैसूरला गेलं. नांदेडमध्ये तर तालुक्याच्याही खाली उतरले, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा ही सर्कलं तोडून आंध्रला दिली. बेळगाव जिल्ह्यातून सुद्धा चंदगड तालुका अलग काढून आपल्याकडे दिला! मग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाबतीतच उरलेला जिल्हा अखंड का ठेवला, याचं पटेल असं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आणि गाव धरून सीमा ठरवता येत नाही असं तर नाहीच नाही. आंध्र-मद्रास सीमेचा वाद हरि विनायक पाटसकरांनी सोडवला तो गाव हाच घटक धरून, भाषेचं बहुमत आणि सलग भूभाग बघून, तेही दोन्ही राज्यांना मान्य होऊन, आणि १ एप्रिल १९६० पासून गावांची अदलाबदल झाली सुद्धा. तीच कसोटी बेळगावला लावा अशी मागणी मुंबई सरकारने १९५७ सालीच केंद्राकडे केली होती. मला वाईट याचं वाटतं की आपल्याकडे सीमाप्रश्न म्हटलं की नुसत्या घोषणा होतात, घटक कोणता हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि सगळं भांडण तर तिथेच अडलंय.

यंदाच्या १ मे च्या पुरवणीत १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातली मुंबई आणि म्हैसूर राज्यांची कलमं मराठीत छापाल का? कुठला तालुका, कुठलं सर्कल कुणाकडे गेलं ते त्यात नावानिशी दिलंय, लोकांना एकदा वाचू दे.

– एक वाचक, उदगीर