जीवनावश्यक म्हणजे अलवचिक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतील मागणीच्या लवचिकतेवरचा, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते यावरचा, लेख वाचून हे पत्र लिहावे लागत आहे. ‘वस्तू जीवनावश्यक असली की तिची मागणी अलवचिक असते’ असे एक ठोक विधान करून लेखकाने बारावी वाणिज्यच्या मुलांची बोळवण केली आहे. याच विधानापायी माझ्या मुलीचे सहामाही परीक्षेत दोन गुण गेले. भाव वाढूनही मिठाची मागणी का घटत नाही, या प्रश्नाला तिने ‘मिठाला जवळचा पर्याय नाही आणि त्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो’ असे उत्तर लिहिले होते. ‘जीवनावश्यक’ हा शब्द नाही म्हणून तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली. तिचे उत्तर बरोबर होते, आणि आता आपल्या वृत्तपत्रानेही तोच गैरसमज छापावा याचे वाईट वाटते.

मी किराणा दुकानदार आहे आणि मीठ व ज्वारी दोन्ही विकतो. आपल्याकडे भाकरीवाचून ज्यांचे जेवण होत नाही अशा घरांत ज्वारी ही मिठाइतकीच गरजेची आहे. तरीही भाव वाढला की दोन्हींचे गिऱ्हाईक सारखे वागत नाही. समजा, मिठाची पुडी २० रुपयांवरून २५ रुपयांवर गेली, म्हणजे भाव २५ टक्के वाढला. महिन्याला दोन पुड्या नेणारे घर पुढच्या महिन्यातही दोनच पुड्या नेते. वरणात मिठाऐवजी दुसरे काही घालता येत नाही, आणि महिन्याला १० रुपये जादा गेले तर कोणी किराण्याची यादी बदलत नाही. उलट मीठ निम्म्या भावात मिळाले म्हणून भाजीत दुप्पट मीठही कोणी घालत नाही. मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागले की लवचिकता मिळते; ती येथे शून्य येते आणि घराचा मिठावरचा खर्च ४० वरून ५० रुपये होतो.

आता ज्वारी घेऊ. भाव किलोला ४० वरून ५० रुपये झाला, म्हणजे वाढ पुन्हा २५ टक्केच. महिन्याला २० किलो ज्वारी नेणारे घर रेशनच्या गव्हाची मदत घेते, संध्याकाळी भाकरीऐवजी पोळ्या होतात आणि ज्वारी १२ किलोंवर येते. मागणी ४० टक्के घटली, म्हणून लवचिकता १.६ आणि खर्च ८०० वरून ६०० रुपये. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, पण वागण्याची ही तऱ्हा आमच्या उधारीच्या वहीत दर तेजीला दिसते. भाव वाढल्यावर वस्तूवरचा एकूण खर्च वाढला तर मागणी कमी लवचिक आणि खर्च घटला तर जास्त लवचिक, ही मार्शल यांची एकूण खर्च पद्धत मुलांना पाठ असते. लेखकाने ती या दोन वस्तूंना लावून पाहिली असती, तर ते विधान त्यांना तिथेच मागे घ्यावे लागले असते.

पर्यायाचाच मुद्दा मिठालाही लागू आहे. एकाच कंपनीच्या पुडीचा भाव वाढला तर गिऱ्हाईक शेजारची पुडी उचलते. तेव्हा एकंदर मिठाची मागणी अलवचिक असली, तरी त्या एका पुडीची मागणी चांगलीच लवचिक असते. शिवाय काळही पाहावा लागतो. रब्बीचे पीक निघाल्यावर ज्यांनी वर्षभराची ज्वारी भरून ठेवली आहे, त्यांच्यावर श्रावणातल्या भाववाढीचा परिणाम लगेच दिसत नाही. तो कोठीतील ज्वारी संपल्यावर दिसतो.

टँकरच्या उदाहरणाबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘मे महिन्यात टँकरचे दर वाढतात, तरी खप घटत नाही, म्हणून मागणी अलवचिक’ असे लेखात म्हटले आहे. मे महिन्यात बोअर आटतात, नळाला पाणी येत नाही आणि त्यामुळे जुन्याच दराला पूर्वीपेक्षा जास्त टँकर हवे असतात. म्हणजे मागणी वक्र स्वतःच उजवीकडे सरकलेला असतो. इतर परिस्थिती कायम ठेवून केवळ किंमत बदलली तरच लवचिकता मोजता येते. जानेवारीचा खप आणि मेचा खप शेजारी ठेवून ती मिळत नाही. सोबतच्या आकृतीत तर अक्षांना नावेही नाहीत, त्यामुळे किंमत कोणती आणि मागणी कोणती हे मुलांनी ओळखायचे कसे?

पुढच्या पुरवणीत या दोन्ही मुद्द्यांची दुरुस्ती आणि नावे घातलेली आकृती छापावी, ही विनंती.

आपला,
एक किराणा दुकानदार व पालक,
सेलू, जि. परभणी