विषय: सवलतीनंतरच्या किमतीऐवजी सवलतीपूर्वीच्या किमतीवर जीएसटी आकारून ६७ रुपये जादा घेतल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आपल्या मदत क्रमांकावर काल मी तिसऱ्यांदा फोन केला आणि तो ज्या वाक्यावर संपला त्यानंतर तोंडी बोलण्यात अर्थ उरलेला नाही. आपले बिलिंग कसे चालते हे आपल्याला माहीत असणारच, त्यामुळे थेट हिशोबावर येते.

गेल्या महिन्याच्या १४ तारखेला आपल्या दुकानातून मी पाच वस्तू घेतल्या: मिक्सर, कपडे धुण्याची पावडर, केसांचे तेल, तूप आणि पनीरची दोन पाकिटे. छापील किमतींची बेरीज ५,१५० रुपये होती. '५,००० रुपयांच्या वरच्या खरेदीवर छापील किमतीच्या १० टक्के सूट' असा फलक दाराशीच होता, म्हणजे मी ४,६३५ रुपये द्यायला हवे होते. मी दिले ४,७०२.

आपल्या पावतीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्याने त्यावरची अक्षरे महिन्याभरात पुसट होतात, म्हणून मी घरी येताच तिचा फोटो काढला आणि प्रत्येक ओळ तक्त्यात उतरवली. तुपाच्या ओळीवर घडी पडली असल्याने शेवटचा आकडा ५७० आहे की ५१० हे फोटोत दिसत नव्हते. बाकीच्या चार ओळींची बेरीज ४,१३२ येते आणि ती ४,७०२ मधून वजा केली की ५७० उरतात, तेव्हा तो आकडा ५७० च आहे. हे एवढ्यासाठी सांगते की 'फोटोत नीट वाचता आले नसेल' हे उत्तर मला पहिल्याच फोनवर मिळाले होते.

आता मिक्सर पाहा. छापील किंमत ३,५४० रुपये आणि ती सर्व करांसहित. कर १८ टक्के असल्याने ३,५४० ला १.१८ ने भागले की मूळ किंमत ३,००० आणि त्यात धरलेला कर ५४० असे दोन भाग पडतात. पावतीवर सूट ३०० दाखवली आहे, म्हणजे ती मूळ किमतीवर दिली आहे. सुटीनंतरची करपात्र किंमत २,७०० छापली आहे. इथपर्यंत मला काही म्हणायचे नाही. पण पुढच्याच रकान्यात कर ५४० आहे! २,७०० चे १८ टक्के ४८६ होतात. ५४० हे ३,००० चे १८ टक्के आहेत, म्हणजे सूट दिली किमतीत आणि कर घेतला सूट न दिल्यासारखा. २,७०० वर ५४० म्हणजे २० टक्के होतात आणि २० टक्क्यांचा जीएसटी या देशात नाही.

सूट छापील किमतीवर धरली तर ३,५४० वजा ३५४, म्हणजे ३,१८६ होतात. सूट मूळ किमतीवर धरून नंतर कर लावला तर २,७०० अधिक ४८६, पुन्हा ३,१८६ च होतात. टक्क्यातली सूट आधी वजा करा की नंतर, उत्तर बदलत नाही. आपले ३,२४० या दोन्हींपैकी कुठल्याच रीतीने येत नाहीत. ते तेव्हाच येतात जेव्हा सूट एका रकमेवर आणि कर दुसऱ्या रकमेवर लावला जातो. मिक्सरवरचे जादा ५४ रुपये असे आले. पावडरीवर ९, तुपावर ३ आणि तेलावर १ रुपया याच रीतीने गेला.

पनीरची ओळ मात्र पैशापर्यंत बरोबर आहे: १८० वजा १८, बरोबर १६२. पाकिटबंद पनीरवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, आणि जिथे करच नाही तिथे आपली चूकही नाही. यावरून दोष सुटीत नसून कराच्या रकान्यात आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. पावतीच्या तळाशीही तेच आहे. १८ टक्क्यांच्या मालाची करपात्र किंमत ३,१५० आणि केंद्र व राज्य मिळून कर ६३०, जो ५६७ हवा. ५ टक्क्यांच्या मालाची ७२० आणि कर ४०, जो ३६ हवा. ६३ आणि ४ मिळून ६७.

हे सगळे मी काल आपल्या प्रतिनिधीला सावकाश सांगितले. त्यांनी मला अकरा मिनिटे थांबवून ठेवले, तोवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे मी ऐकत राहिले, आणि मग ते म्हणाले, "मॅडम, बिल सिस्टीममधून आलंय, सिस्टीम चुकत नाही." मी विचारले, "२,७०० चे १८ टक्के किती होतात ते तुम्ही सांगा." ते म्हणाले, "ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम." मी म्हटले, "तुमच्या समोर कॅल्क्युलेटर असेल." त्यावर क्षणभर शांतता, आणि मग, "मॅडम, ६७ रुपयांसाठी तुम्ही एवढा मोठा तक्ता केलात?" मागे कुणीतरी हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. शेवटी पुढच्या १,५०० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपयांचे कूपन देऊ केले. माझेच ६७ रुपये परत मिळवायला मी आणखी १,५०० रुपये आपल्याकडे घेऊन यावेत, हा उदारपणा मला झेपणारा नाही. शिवाय त्या कुपनावरही कर सवलतीपूर्वीच्या रकमेवर लागेल, अशी मला खात्री आहे.

सिस्टीम चुकत नाही, हे बरोबर आहे. माणसाने जे सूत्र घातले तेच ती चालवते, आणि ते सूत्र कुणी घातले एवढेच मी विचारते आहे.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रीच्या वेळीच दिलेली आणि पावतीवर नोंदलेली सूट करपात्र किमतीत धरायची नसते. आपली सूट पावतीवर छापलेली आहे, तेव्हा ती नंतर दिली, असे आपल्याला म्हणता येणार नाही. दुसरे असे की, कर म्हणून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम सरकारकडे भरावीच लागते, हे कलम ७६ सांगते. म्हणून माझे ६७ रुपये आपण सरकारला भरले की स्वतःकडे ठेवले, याचे लेखी उत्तर मला हवे आहे. भरले असतील तर कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढून मला परत करा, ठेवले असतील तर क्रेडिट नोट कशाची काढणार हे आपणच ठरवा.

रक्कम मी ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात परत यावी. कूपन नको. त्या दिवशी माझ्या मागे रांगेत सतरा-अठरा माणसे तोच फलक वाचून उभी होती, त्यांच्या पावत्याही आपल्या सिस्टीमनेच काढल्या असतील. त्या तपासल्या की नाही, हेही कळवावे.

सात दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि तिथे निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. नऊ वर्षे महिन्याचे सामान आपल्याकडून भरले आणि एकदाही पावती तपासली नाही, याचेच मला आता जास्त वाईट वाटते. जुन्या पावत्या पुसट झाल्या आहेत, पण काही ओळी अजून वाचता येतात.

सोबत: पावतीच्या फोटोची प्रत (दोन भागांत) आणि ओळवार तक्ता.

आपली ग्राहक
(पावतीवर नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावर संपर्क साधावा. मात्र 'सिस्टीम चुकत नाही' एवढेच सांगायचे असेल तर साधू नये.)