बिलावर शहराचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकांची अंदाजपत्रके जाहीर झाली की बातमीत दरवर्षी एक ओळ हमखास असते, ‘जीएसटी अनुदानापोटी अमुक कोटी’. वाचणाऱ्याला वाटते, सरकार शहराला मदत करते आहे. ही मदत नव्हे. शहराचा हक्काचा कर गेला, त्याची ही भरपाई आहे. ती कशी मोजतात हे करदात्यांना ठाऊक असावे म्हणून हे पत्र. मी एका महापालिकेत आधी जकात, मग एलबीटी म्हणजेच स्थानिक संस्था कर, आणि शेवटी लेखा विभाग अशी नोकरी करून निवृत्त झालो.

जकात नाका गेला ते चांगलेच झाले, हे आधी सांगतो. रात्रपाळीला गाड्यांची रांग दूरवर जायची. ड्रायव्हर बिल्टी आणि बिल घेऊन खिडकीशी उभा राहायचा, आम्ही दरपत्रकात वस्तू शोधायचो. बिलात माल कमी दाखवला आहे असा संशय आला तर ताडपत्री सोडायला लावायची. औषधांचे चार खोके मोजण्यासाठी अख्खी गाडी दोन-दोन तास अडकलेली मी पाहिली आहे. भ्रष्टाचारही होता, तो मी नाकारणार नाही.

पण त्या नाक्यावर एक गोष्ट फार मोलाची होती. रात्रीचा भरणा सकाळी मोजून बँकेत जायचा, आणि काल शहरात किती माल आला हे आयुक्तांना आज कळायचे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात भरणा चढायचा. नवी वसाहत उभी राहिली की सिमेंट, सळई, फरशी यांची जकात त्याच वर्षी वाढायची आणि त्याच पैशातून तिथे पाण्याची लाइन टाकता यायची. शहर वाढले की तिजोरी वाढत होती.

आमचा नाका ३१ मार्च २०१३ च्या रात्री बंद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून एलबीटी आला. व्यापाऱ्याने स्वतःच हिशेब करून कर भरायचा, अशी ती पद्धत. व्यापाऱ्यांचा कडाडून विरोध, बंद, मोर्चे, आणि आमच्याकडे तपासायला माणसे अपुरी. आमच्या पालिकेत एलबीटीला जकातीची पातळी काही गाठता आली नाही. त्यात १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला. बाजारपेठेतली जवळजवळ सगळी दुकाने सुटली, आणि त्या बदल्यात दरमहा सरकारचे अनुदान येऊ लागले. शहराच्या कराचे अनुदान झाले ते खरे तेव्हाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेलाही कर संपला. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतली ५२ क्रमांकाची नोंद, म्हणजे स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावण्याचा अधिकार, काढून टाकली. तो आता कोणत्याच महापालिकेला परत मिळणार नाही.

महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्येच महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा केला. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. सूत्र सोपे आहे. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, आणि त्या वर्षीच्या रकमेवर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. पायाला १०० कोटी असतील तर २०१७-१८ ला १०८, आणि २०२५-२६ ला जवळजवळ बरोबर २०० कोटी. टाळेबंदीच्या काळात जकातच असती तर नाक्यावर माशा मारत बसावे लागले असते. या सूत्राने तेव्हा शहरांना तारले.

आता याच सूत्राची दुसरी बाजू पाहा. पायाच कमी धरला गेला असेल तर तूटही ८ टक्क्यांनी वाढते. समजा, एका शहराची जकात सुरळीत चालू राहिली असती तर पाया ११५ कोटींचा झाला असता, पण एलबीटीच्या गोंधळात तो १०० वर थांबला. तेव्हाचे १५ कोटींचे अंतर २०२५-२६ मध्ये ३० कोटींचे होते. नऊ वर्षांची बेरीज केली तर २०० कोटींच्या वर जाते. एका मध्यम शहराची पाणीयोजना त्यात होते.

मुंबईचे तसे झाले नाही, कारण तिथे जकात ३० जून २०१७ पर्यंत पूर्ण जोमात चालू होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवरच्या भरण्यावर तिचा पाया ठरला, आणि जुलै २०१७ मध्ये पहिला धनादेश ६४७ कोटींचा मिळाला. बाकीच्या महापालिकांचा पाया मात्र उरलासुरला एलबीटी आणि सरकारी अनुदान यांच्या बेरजेवर ठरला. तेही नोटाबंदीच्या वर्षात. मुंबईला मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. आमच्या शहरांना दोन वेळा कर बदलण्याची किंमत कायमची मोजावी लागते, याचे वाटते.

शिवाय २०१६-१७ नंतर जे घडले त्याची या ८ टक्क्यांत दखलच नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिथल्या रस्त्या-गटारांचा खर्च पालिकेवर आला, पण वाढीचा दर तोच. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, जालना २०२३ मध्ये. पायाभूत वर्षात त्या नगरपरिषदा होत्या, त्यामुळे भरपाईसाठी त्यांना सरकारकडे वेगळी मागणी करावी लागली.

मागच्या वर्षी मी फ्रिज घेतला. बिलावर १८ टक्के जीएसटी, त्याचे दोन रकाने. ९ टक्के केंद्राचे, ९ टक्के राज्याचे. जिथे माल खपतो तिथल्या राज्याला कर, हे जीएसटीचे तत्त्व. तो फ्रिज आमच्या शहरात खपला, त्याचा खोका आमच्या घंटागाडीने नेला, तो आणणारा टेम्पो आमच्या रस्त्यावरून आला. पण त्या बिलावर शहराचा रकाना नाही. जीएसटी परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात, शहरांच्या वतीने तिथे कोणीही नाही. केंद्राने राज्यांना पाच वर्षे १४ टक्के वाढीची हमी दिली होती. राज्याने शहरांना दिली ती ८ टक्क्यांची. हा फरक शहरांनी कोणापुढे मांडायचा?

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, मुंबईखेरीज प्रत्येक महापालिकेचा पाया राज्य वित्त आयोगाकडून पुन्हा तपासून घ्यावा. त्यासाठी जकातीच्या शेवटच्या तीन पूर्ण वर्षांचे आकडे घ्यावेत. ते लेखापरीक्षणाच्या अहवालांत आजही आहेत. दुसरी, राज्याच्या वाट्याच्या जीएसटीतला ठरावीक टक्का लोकसंख्या आणि हद्द पाहून शहरांना कायद्याने मिळावा, आणि आजची भरपाई ही त्याची किमान मर्यादा असावी. म्हणजे मंदीत शहर बुडणार नाही आणि तेजीत त्याला वाटा मिळेल.

लेखा विभागातल्या माझ्या शेवटच्या दोन वर्षांत महिनाअखेर आली की आमचे एकच काम असे, अनुदान जमा झाले का, हे बँकेला फोन करून विचारायचे. जमा झाले की पगाराची बिले पुढे सरकत, ठेकेदारांची त्यानंतर. अंदाजपत्रकाच्या सभेत मालमत्ता कर आणि पाणीपट्टीवर चार-चार तास चर्चा होते. भरपाईची रक्कम बहुतेक ठिकाणी मालमत्ता कराहून मोठी असते, आणि तिच्यावर एकही प्रश्न विचारला गेलेला मी ऐकला नाही. आपल्या वार्ताहरांनी यंदा प्रत्येक आयुक्तांना एवढेच विचारावे, की आपल्या शहराचा २०१६-१७ चा पाया किती कोटींचा धरला आहे आणि तो कोणी, कसा ठरवला.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त महापालिका कर्मचारी