रात्री सोनोग्राफी नाही, म्हणून मुलाचा सीटी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी अठरा वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास एक वडील आपल्या आठ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आले. दुपारपासून पोट दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती, अंगात कणकण होती. सर्जनच्या चिठ्ठीवर 'अपेंडिक्स?' असं लिहिलेलं. वडील आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, सोनोग्राफीत वेळ घालवू नका. सरळ सीटीच करून टाका, पैशांचं मी बघतो." त्यांच्या हातात फिल्मची एक जुनी पिशवी होती. चार महिन्यांपूर्वी अशाच दुखण्यासाठी दुसऱ्या एका ठिकाणी रात्री सीटी झाला होता आणि तो नॉर्मल आला होता. सोनोग्राफी तेव्हा झालीच नव्हती, कारण ती करणारे डॉक्टर रात्री नसतात.

मला लिहायचं आहे ते याच कारणाबद्दल. लहान मुलाच्या पोटदुखीत आधी सोनोग्राफी, हे प्रत्येक रेडिओलॉजिस्टला आणि बहुतेक सर्जनना ठाऊक आहे. तरी रात्री नऊनंतर सीटी होतो. सीटी टेक्निशियन काढतो, चित्रं पुण्या-मुंबईत बसलेला डॉक्टर संगणकावर बघतो आणि तासाभरात रिपोर्ट येतो. सोनोग्राफीचं तसं नाही. प्रोब डॉक्टरच्याच हातात असावा लागतो. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे नोंदणी झालेल्या जागी, नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच ती करायची असते. तो कायदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे रात्रीच्या सोनोग्राफीसाठी एका माणसाला घरून उठून यावं लागतं, आणि ते होत नाही म्हणून मुलाला क्ष-किरण मिळतात.

त्या मुलीचं मी काय केलं ते सांगते. पालकांना वाटतं की सोनोग्राफी म्हणजे जेल लावून वरवर फिरवायचं यंत्र. मी तिला विचारलं, "बाळा, एकाच बोटाने दाखव, सगळ्यात जास्त कुठे दुखतंय?" तिने बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली बोट ठेवलं. तिथूनच सुरुवात केली, उथळ भाग स्पष्ट दाखवणाऱ्या सरळ प्रोबने. प्रोब हळूहळू दाबत न्यायचा, मूल श्वास सोडेल तेव्हा आणखी थोडा. आतड्यातला वायू बाजूला सरकतो आणि मागचा स्नायू व मोठ्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. तिथवर दिसलं तरच शोध पुरा झाला म्हणायचा. ही पद्धत १९८६ मध्ये ज्युलियन पायलार्ट या डच रेडिओलॉजिस्टने मांडली आणि आजही ती तशीच वापरतात. सुजलेलं अपेंडिक्स म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी. दाबली तरी ती चपटी होत नाही, जाडी सहा मिलिमीटरच्या वर गेलेली असते आणि भोवतालची चरबी पांढुरकी, घट्ट दिसते.

त्या रात्री मला अर्धंच अपेंडिक्स दिसलं. मुळाशी पाच मिलिमीटर, टोक वायूआड गेलेलं. भोवती थोड्या गाठी होत्या, पण तशा गाठी साध्या विषाणूच्या तापातही येतात. म्हणजे उत्तर 'नक्की नाही' असं होतं, आणि रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. 'अपेंडिक्स दिसलं नाही' आणि 'अपेंडिक्स नॉर्मल आहे' ही दोन वाक्यं वेगळी आहेत, हे आमच्यातलेही काही जण विसरतात. पहिल्याचा अर्थ दुसरा लावला की मूल घरी जातं आणि फुटलेलं अपेंडिक्स घेऊन परत येतं.

वडिलांचा आग्रह इथेच वाढला. मी त्यांना म्हटलं, "दादा, पोट अजून मऊ आहे, नाडी ठीक आहे. सर्जन तिला दाखल करून घेतील, तोंडाने काही देणार नाहीत, दर दोन-तीन तासांनी पोट तपासतील. सकाळी मी पुन्हा बघते." पोट लाकडासारखं कडक झालेलं असतं, ताप चढत असता किंवा मूल मलूल पडलं असतं, तर थांबायचा प्रश्नच नव्हता. थांबायचं की नाही हे सर्जनच्या हाताने ठरतं, माझ्या यंत्राने नाही. सकाळी सातला दुसरी सोनोग्राफी केली. वायू सरकला होता. टोक नऊ मिलिमीटर, आत छोटा खडा, त्याच्यामागे काळी सावली. दहा वाजता ऑपरेशन झालं.

दुसऱ्या वेळीही दिसलं नसतं तर माझी पुढची पसंती एमआरआय होती. आठ वर्षांचं मूल समजावून सांगितलं तर पंधरा मिनिटं पडून राहतं. शिरेतून औषध द्यावं लागत नाही, पोटाचे झटपट घेतलेले काही छेद पुरतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं गणित मात्र वेगळं आहे. त्याला गुंगी द्यावी लागली तर भूलतज्ज्ञ लागतो आणि गुंगीचा स्वतःचा धोका असतो. तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच एमआरआय करता येतो, आम्ही करतो. डोक्यात पाणी साठतं म्हणून नळी बसवलेल्या मुलांसाठी तर हा बदल सर्वात आधी व्हायला हवा. उलटी झाली, डोकं दुखलं, की नळी तुंबली का हे बघायला त्यांचा दर वेळी सीटी होतो. वयाच्या दहा वर्षांपर्यंत दहा-बारा सीटी झालेली मुलं मी पाहिली आहेत. पोकळ्यांचा आकार बघायला झटपट एमआरआयची दोन-तीन मिनिटं पुरतात. फक्त नळीचा व्हॉल्व्ह चुंबकाने बदलणारा असेल तर नंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं.

आता त्या जुन्या पिशवीकडे येते. प्रत्येक सीटीच्या शेवटी यंत्र स्वतःच डोसचं एक पान तयार करतं. पिशवीत ते होतं, पण ते कुणी वाचलेलं दिसत नव्हतं. मुलीचं वजन चोवीस किलो. पानावर क्ष-किरणांचा जोर 120 kV, म्हणजे मोठ्या माणसाचं सेटिंग. पोट दोनदा स्कॅन केलेलं, एकदा कॉन्ट्रास्टशिवाय आणि एकदा कॉन्ट्रास्टसह. दर वेळी CTDIvol, म्हणजे यंत्राने दिलेल्या किरणांचं माप, ९ मिलीग्रे आणि लांबी ३४ सेंटिमीटर, म्हणजे वर अर्धी छाती आणि खाली मांड्या धरून. दोन्ही मिळून DLP, म्हणजे ते माप गुणिले लांबी, ६१२.

या पानावर आणखी एक फसवी गोष्ट असते. CTDIvol हा आकडा मुलाच्या शरीरावर मोजलेला नसतो, तो प्लास्टिकच्या एका ठरावीक गोल ठोकळ्यावरचा असतो. पोटासाठी तो ठोकळा बत्तीस सेंटिमीटर व्यासाचा, मोठ्या माणसाएवढा. या मुलीचं पोट सुमारे अठरा सेंटिमीटरचं. एवढ्याशा शरीरात किरण अडायला जागाच कमी, म्हणून आतल्या अवयवांना आकड्याच्या जवळजवळ १.९ पट डोस मिळतो. पानावरच्या नऊचे प्रत्यक्षात सतरा होतात, आणि तेही दोन वेळा.

सीटी करावाच लागला असता तर मी तो असा केला असता. फेज, म्हणजे स्कॅनची फेरी, एकच, कॉन्ट्रास्टसह. मुलाच्या अपेंडिक्ससाठी साध्या फेजमधून नवं काही कळत नाही आणि डोस मात्र दुप्पट होतो. 120 ऐवजी 80 kV. बाकी सेटिंग तेच ठेवलं तरी एवढ्याने डोस निम्म्याच्याही खाली येतो, आणि कमी केव्हीला आयोडीनचं कॉन्ट्रास्ट उलट जास्त उजळ दिसतं, त्यामुळे लहान शरीरात काही गमावत नाही. चित्र थोडं दाणेदार येतं. ते दाणे बघायची डोळ्यांना सवय करून घ्यायची असते. गुळगुळीत सुंदर चित्राचा हट्ट रेडिओलॉजिस्टने धरला की टेक्निशियन डोस वाढवतो. लांबी छातीच्या पडद्यापासून जांघेच्या हाडापर्यंत, अठ्ठावीस सेंटिमीटर. अशा स्कॅनला CTDIvol साडेतीनच्या आसपास येतो आणि DLP अठ्ठ्याण्णव. सहाशे बाराच्या जागी अठ्ठ्याण्णव, त्याच यंत्रावर, एक रुपयाही जास्त न घालता.

टेक्निशियन मंडळींसाठी एकच गोष्ट. मूल बोगद्याच्या बरोबर मध्यावर घ्या. मोठ्यांच्या सवयीने टेबलाची उंची तशीच राहते आणि मूल खाली पडतं. क्ष-किरणांची नळी खालच्या बाजूला ठेवून सुरुवातीचं सरळ चित्र घेतलं असेल, तर जवळ असल्यामुळे मूल त्यात मोठं दिसतं, आणि आपोआप डोस ठरवणारं यंत्र त्याला जाड समजून डोस चढवतं. लेझरची रेघ कुशीच्या मध्यावर आली का, हे बघायला पाच सेकंद लागतात.

धोका केवढा, हे पालक विचारतात तेव्हा मी घाबरवत नाही. युरोपातल्या नऊ देशांत वयाच्या बावीस वर्षांआधी सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यावरून काढलेला अंदाज असा, की आजच्या डोसने सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. एका मुलासाठी हा धोका फार लहान आहे. डोक्याला जबर मार लागून मूल गुंगीत असेल, सारखं उलट्या करत असेल, अपघातात पोट चेपलं असेल, तर सीटी लगेच करा, डोसच्या भीतीने एक मिनिटही दवडू नका. माझा आक्षेप आहे तो ज्या सीटीचं उत्तर प्रोबने मिळालं असतं त्यावर, आणि सहापट डोसने काढलेल्यावर.

आमच्या जिल्ह्यात सोनोग्राफीची नोंदणी असलेले डॉक्टर पुरेसे आहेत. मुलांचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांची रात्रीची पाळी लावावी आणि ती यादी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर टांगावी, अशी माझी मागणी आहे. माझं नाव आमच्या रुग्णालयाच्या यादीत मंगळवार आणि शनिवारी आहे. दुसरी मागणी सीटी सेंटरांकडे: मुलाच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत kV, किती फेज आणि DLP छापा. आम्ही दोन वर्षांपासून छापतो. पहिल्याच महिन्यात आमच्याच टेक्निशियनने येऊन विचारलं, "मॅडम, कालच्या मुलाचा आकडा परवाच्या मुलापेक्षा दुप्पट कसा?" बघितलं तर रात्रपाळीत मोठ्यांचं सेटिंग तसंच राहिलं होतं.

आपली नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट, मराठवाडा