‘कंप्लीट बेड रेस्ट’ लिहिण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांसी,

स. न. वि. वि.

मी सत्तरी तालुक्यातली निवृत्त परिचारिका. गेल्या पावसात आमच्या वाड्यावरच्या, काजू फॅक्टरीत रोजंदारीवर जाणाऱ्या एका मुलीला गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यात रक्ताचे डाग दिसले. सोनोग्राफीत गर्भ जागच्या जागी होता, ठोकेही चांगले. तरी केसपेपरवर ‘कंप्लीट बेड रेस्ट’ आलंच. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या, संडासालाही उठू दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची डावी पोटरी सुजली, गरम लागू लागली. डॉप्लर केल्यावर शिरेत रक्ताची गुठळी निघाली. मग रोज पोटात इंजेक्शन, बाळंतपण होईपर्यंत आणि त्यापुढेही सहा आठवडे. रोज बुडाला तो वेगळाच.

बाळ सुखरूप झालं. घरचे म्हणतात, पडून राहिली म्हणून वाचलं. हाच समज चिवट आहे. ठोके दिसल्यावर बहुतेक गर्भ टिकतातच, बाई झोपून असो वा हिंडती-फिरती. सुरुवातीला जे पडतात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. विटा त्याला काय करणार? गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात पाय हलले नाहीत की गुठळीचा धोका आणखी वाढतो. स्नायू झिजतात आणि मन खचतं ते निराळंच.

दिवस भरण्याआधी प्रसूतीची भीती असते तिथेही झोपवून ठेवल्याने फायदा दिसलेला नाही. 1,266 स्त्रियांच्या एका अभ्यासात विश्रांती सांगितलेल्यांपैकी 7.9 टक्के लवकर बाळंत झाल्या, बाकीच्यांपैकी 8.5 टक्के. हा फरक नगण्य आहे. गर्भाशयाचं तोंड आखूड असलेल्या पहिलटकरणींच्या 2013 च्या अभ्यासात तर हालचालींवर बंधन घातलेल्यांतच लवकर प्रसूती जास्त झाल्या. अर्थात तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, म्हणून बंधनामुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही.

गरोदर बाईने पोती उचलावीत असाही माझा आग्रह नाही. थकली तर तिने दुपारी आडवं व्हावं, जड काम टाळावं. पण घरात चालणं, आंघोळ, स्वयंपाक हे चालू राहू दे.

आपल्याकडे मागणी एवढीच : सरकारी दवाखान्यांतल्या केसपेपरवर ‘बेड रेस्ट’ हे दोन शब्द लिहून मोकळं होऊ नये. तासाभरात पॅड भिजला, एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, पाणी गेलं तर लगेच या, हे मराठी-कोंकणीत छापून द्यावं. एक पाय सुजला किंवा धाप लागली तरीही. आधी गर्भपात झालेल्या बाईला रक्त जात असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गे घ्यायच्या गोळ्यांचा विचार व्हावा. त्याला आधार आहे. आणि ज्या डॉक्टरांना झोपवून ठेवणं गरजेचंच वाटतं, त्यांनी कारण आणि किती दिवस ते कागदावर लिहावं.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त परिचारिका