विषय: मेलेले जिवाणूही हिरवे दाखवणारं तुमचं लाइव्ह-डेड किट

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. पुन्हा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

निपाणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत दह्याच्या वाळवलेल्या विरजणात किती जिवाणू जिवंत उरलेत ते तपासतो. त्या आकड्यावर डेअरीवाले माल घेतात. तुमच्या किटमधला सायटो ९ सगळ्याच पेशींत शिरतो आणि हिरवा चमकतो. प्रोपिडियम आयोडाइड फक्त आवरण फाटलेल्या पेशींत शिरतो, तिथला हिरवा दाबतो आणि लाल चमकतो. या वेळच्या लॉटमध्ये तो लाल दिसतच नाही.

नमुन्याआधी आम्ही नेहमी मेलेला कंट्रोल पाहतो. तेच जिवाणू ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर ठेवले, सेंट्रिफ्यूज करून ०.८५ टक्के सलाईनने दोनदा धुतले. दोन्ही रंग समप्रमाणात मिसळून, एक मिलिलिटरला तीन मायक्रोलिटर घातले आणि पंधरा मिनिटं अंधारात ठेवले. मायक्रोस्कोपखाली सगळं शेत हिरवंगार.

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "सर, हिरवं म्हणजे जिवंत. तुमचा रिझल्ट तर छान आलाय!"

मी म्हटलं, "अहो, तासभर अल्कोहोलमध्ये होते ते."

"मग अल्कोहोल कमी पडलं असेल, सर."

मी पुन्हा सांगितलं की त्याच नळीतले जिवाणू प्लेटवर पसरले होते, एकही कॉलनी आली नाही. तर म्हणे, "प्लेटचा आमच्या किटशी संबंध नाही." पुढे फिल्टर बदलायला सांगितलं आणि दुसऱ्या वाक्यात फोन कट!

फिल्टरचं आम्ही आधीच पाहिलं होतं. फक्त हिरवं दाखवणाऱ्या अरुंद फिल्टरमध्ये लाल पेशी दिसत नाहीत, हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. आमचा लाँगपास फिल्टर दोन्ही रंग दाखवतो. त्याच फिल्टरखाली, त्याच मेलेल्या पेशींना तुमच्याच जुन्या लॉटचा रंग लावला, तर त्या लालभडक दिसल्या. मग नव्या लॉटचा प्रोपिडियम आयोडाइड एकटाच लावून हिरव्या उजेडाने उत्तेजित केला. पडदा काळाच. पेशी मेलेल्या, मायक्रोस्कोप ठीक, मग उरलं काय?

आणि हो, हिरवं म्हणजे आवरण शाबूत, एवढंच. तो जिवाणू पुढे वाढेलच याची खात्री तो रंग देत नाही. हे तुमच्याच माणसाला मी समजावायचं?

कंट्रोल न लावता हाच लॉट वापरला असता तर अर्धं मेलेलं विरजणही जिवंत ठरलं असतं आणि डेअरीत दूध नासलं असतं. तो लाल रंग चालत नाही, हे परत सांगतो. या लॉटची कुपी तुमच्या प्रयोगशाळेत मेलेल्या कंट्रोलवर तपासा, निकाल लेखी द्या आणि बदली किट पाठवा. तोवर बिल भरणार नाही. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूरकडच्या ओळखीच्या प्रयोगशाळांना या लॉटबद्दल आजच कळवतोय. इतकी वर्षं तुमचंच किट घेत आलो, म्हणून जास्त लागलंय.

प्रयोगशाळा प्रमुख, निपाणी