पीयूसी-19 किटमधील प्लाझ्मिडचा नकाशा जेलशी जुळत नाही, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : क्लोनिंग किटमधील प्लाझ्मिडमध्ये जनुक उलट्या दिशेने बसलेले असल्याबाबत

महोदय,

आमच्या सोलापुरातील महाविद्यालयाच्या एम.एस्सी. प्रात्यक्षिकांसाठी आपले क्लोनिंग किट घेतले. पुस्तिकेनुसार त्यातले प्लाझ्मिड 4000 बेसपेअरचे आहे. त्यात 2686 बेसपेअरचे पीयूसी-19 आणि त्याच्या इको-आर-वन जागेत बसवलेले 1314 बेसपेअरचे जनुक आहे. लॅक प्रमोटर हिंड-थ्रीच्या बाजूला असल्याने जनुकाची सुरुवात त्याच बाजूला असायला हवी. नकाशात ती तशीच दाखवली आहे. नळीतले प्लाझ्मिड मात्र तसे नाही.

माझ्या पहिल्या पत्राला उत्तर म्हणून आपण इको-आर-वन आणि हिंड-थ्री या दोन्ही एन्झाइमांनी एकत्र कापलेल्या नमुन्याचा फोटो पाठवलात आणि 'नकाशाप्रमाणेच तुकडे आले आहेत' असे कळवलेत. तुकडे तसे आलेच असणार. ते जनुक सरळ बसले तरी येतात आणि उलटे बसले तरी येतात. जनुकाच्या दोन्ही टोकांना इको-आर-वनची जागा आहे आणि आत हिंड-थ्रीची एक. त्यामुळे दुहेरी कापणीत जनुक आपल्या जागेवरून सुटते आणि त्याचे 300 व 1014 असे दोन तुकडे होतात. उरतो 2635 चा सांगाडा आणि 51 चा एक चिमुकला तुकडा, जो जेलवर दिसतच नाही. जनुकाची दिशा या चित्रात कुठेच उमटत नाही. नुसत्या इको-आर-वनचेही तेच: 2686 आणि 1314, दिशा कोणतीही असो.

दिशा कळते ती फक्त हिंड-थ्रीने कापल्यावर. हिंड-थ्रीची एक जागा पीयूसी-19 मध्ये, इको-आर-वनपासून 51 बेसपेअरवर आहे. दुसरी जनुकात आहे. पुस्तिकेत छापलेल्या अनुक्रमात मी स्वतः मोजले, तर AAGCTT ही जागा सुरुवातीपासून सुमारे 300 बेसवर येते. जनुक नकाशाप्रमाणे बसले असेल, तर या दोन जागांत साधारण 350 चे अंतर पडते आणि पट्टे 350 व 3650 यायला हवेत. उलटे असेल, तर अंतर 1014 अधिक 51 म्हणजे 1065 होते आणि पट्टे 1065 व 2935 येतात.

आमच्या 1 टक्का अ‍ॅगॅरोज जेलवर लॅडरचा 1500 चा पट्टा विहिरीपासून 38 मिमीवर होता आणि 1000 चा 45 मिमीवर. आमचा छोटा पट्टा 44 मिमीवर आला. अंतर आकाराच्या लॉगरिदमशी जवळपास सरळ रेषेत बदलते, म्हणून दोन पट्ट्यांमधला आकार लॉगवरून काढला. तो 1060 च्या आसपास निघतो. मोठा पट्टा 3000 च्या पट्ट्याच्या किंचित खाली आहे. जेलवर पाच-दहा टक्क्यांची चूक गृहीत धरली, तरी 350 चा पट्टा 1060 ला दिसणार नाही.

कापणी अर्धवट राहिली असावी, असे आपण म्हणाल. पण तसे असते तर एकाच ठिकाणी कापलेल्या रेणूंचा 4000 चा पट्टा उरला असता, आणि तो आमच्या जेलवर नाही. शिवाय दोन्ही पट्ट्यांची बेरीज बरोबर 4000 च्या आसपास येते, आणि छोटा पट्टा मोठ्याच्या साधारण एक तृतीयांश तेजाचा आहे. दोन्ही तुकडे सारख्या संख्येने असले, तर डीएनएच्या लांबीप्रमाणे तेज इतकेच हवे. न कापलेल्या प्लाझ्मिडची विहीर आम्ही शेजारीच ठेवली होती. पण गुंडाळलेले वर्तुळ रेषीय लॅडरपेक्षा वेगळ्या गतीने धावते, म्हणून तिच्यावरून आकार काढलेला नाही. किटमधल्या दुसऱ्या नळीनेही हेच चित्र दिले.

एकाच एन्झाइमच्या जागेत जनुक बसवले की ते दोन्ही दिशांना बसू शकते, हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत असणारच. पांढरी वसाहत जनुक आत गेल्याचे सांगते, दिशा सांगत नाही. बहुधा वसाहत निवडताना हिंड-थ्रीची तपासणी झालीच नाही. परिणामी प्रमोटर जनुक उलटे वाचतो, आणि बार्शी-मोहोळहून प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या मुलांना जेलवर प्रथिनाचा पट्टा दिसत नाही. आपले हात चुकले असे त्यांना वाटत राहते. याचा मला खरोखर राग आला आहे.

किट बदलून द्यावे. नव्या नळीसोबत फक्त हिंड-थ्रीने कापलेल्या नमुन्याचा फोटो आणि एम-13 प्रायमरने केलेले सिक्वेन्सिंग पाठवावे, कारण दिशेबद्दलचा शेवटचा पुरावा तोच. याच लॉटमधले किट इतर महाविद्यालयांना गेले असेल, तर त्यांनाही लेखी कळवावे. आमच्या जेलचे फोटो आणि लॉट क्रमांक सोबत जोडले आहेत.

आपली,
प्राध्यापिका, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग
सोलापूर